पिन अम्मीचा, बोट कुणाचं? मुलांची गेममधली खरेदी आणि घरानं घालायची मर्यादा

(युवा शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या अम्मीच्या किंवा अब्बूंच्या फोनवर यूपीआय सुरू करून दिलं आहे? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच आहात. आता दुसरा प्रश्न. त्या यूपीआयचा पिन घरातल्या किती जणांना ठाऊक आहे? आता हसताय, पण आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

मला बोलायला सांगितलंय ते मुलांच्या गेममधल्या खरेदीबद्दल. लहान भाऊ किंवा बहीण गेममध्ये हिरे, नाणी, पोशाख, बंदुकीचे रंग विकत घेते आणि घरखर्चाचे पैसे हळूहळू संपतात. या विषयावर बोलताना बहुतेक जण ‘मुलांच्या हातून मोबाईल काढून घ्या’ इथे येऊन थांबतात. मी सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे मी थोडा वेगळा विचार करतो. पैसा एखाद्या ठिकाणाहून बाहेर जात असेल, तर तो नेमका कुठल्या दारातून जातो हे आधी शोधायचं. दार सापडलं की कुलूप कुठे लावायचं ते कळतं, आणि त्या कुलपाची किल्ली कुणाकडे ठेवायची हे पालकांनी ठरवायचं. मी आज एकाच घराची गोष्ट तपशिलात सांगणार आहे. घर ओळखीचं आहे, म्हणून नावं आणि गाव सांगत नाही.

कोकणातलं घर आहे. अब्बू कुवेतला. दर महिन्याला साधारण 25,000 रुपये अम्मीच्या खात्यावर पाठवतात. घरात दादी, अम्मी आणि सातवीतला मुलगा. मोठी बहीण पुण्यात शिकते, सुट्टीला घरी येते. अम्मीचा फोन बहिणीनंच घेऊन दिला, यूपीआयही तिनंच चालू करून दिलं. ती पुण्याला गेल्यावर फोनचं सगळं काम मुलाकडे आलं. दुकानात गेलं की अम्मी म्हणायची, ‘बेटा, पैसे भर.’ तो कोड स्कॅन करायचा, रक्कम टाकायचा, पिनही तोच टाकायचा. बँकेचा मेसेज आला की वाचून दाखवायचा तोच. फोनला बोटाचा ठसा लावायची वेळ आली तेव्हा अम्मीच्या ठशासोबत त्याचाही ठसा लागला, कारण सारखं ‘अम्मी, फोन उघडून दे’ कोण म्हणणार?

म्हणजे तेरा वर्षांचा मुलगा त्या घराचा कारकूनही झाला आणि खजिनदारही. ही गोष्ट मला गेमपेक्षा महत्त्वाची वाटते. त्यानं चोरी केली, असं नंतर सगळे म्हणाले. पण तिजोरीची किल्ली घरानं स्वतःच त्याच्या खिशात ठेवली होती, आणि हिशेब तपासणाराही तोच होता.

पहिली खरेदी त्यानं विचारून केली. 80 रुपयांचे हिरे. अम्मी म्हणाली, ‘ऐंशीच ना? घे, पण एकदाच.’ या ‘एकदाच’ला काही अर्थ नव्हता. पुढच्या वेळी नाही म्हणायचं की हो, महिन्याला किती, हे काहीच ठरलं नव्हतं. त्याच आठवड्यात दुसरे 80 त्यानं न विचारता भरले. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या दोन आठवड्यांत 240 रुपयांच्या नऊ खरेद्या झाल्या. मग 400 च्या अकरा, आणि शेवटी 800 च्या बारा. सहा आठवड्यांत 34 व्यवहार आणि एकूण 16,320 रुपये. गॅसचं सिलिंडर आलं, अम्मीनं पैसे भरायला सांगितले, आणि ‘बॅलन्स कमी आहे’ असं फोनवर दिसलं, तेव्हा ते बाहेर आलं. बँकेचे मेसेज तो रोजच्या रोज पुसत होता.

आता हे आकडे परत बघा. एकदम 16,000 रुपये उचलायची कल्पना त्या मुलाला सुचलीही नसती. 80 चे 240 झाले, 240 चे 400 झाले. असं का होतं, हे दोन उदाहरणांनी सांगतो, कारण तुम्हाला घरी हे समजावून सांगावं लागेल.

पहिलं उदाहरण हिऱ्यांचं. गेममध्ये पोशाखाची किंमत रुपयांत लिहिलेली नसते, हिऱ्यांत असते. समजा पोशाख 400 हिऱ्यांचा आहे. हिऱ्यांची पाकिटं मिळतात 100, 310 आणि 520 ची. 310 आणि 100 ची दोन पाकिटं जोडली तर थोडे हिरे उरतात. 520 घेतले तर 120 उरतात. उरलेल्यांत काहीच येत नाही, पण ते वाया घालवायचे नाहीत म्हणून पुढचं पाकीट घेतलं जातं. आणि रुपयांचे हिरे झाले की मुलाच्या डोक्यात रुपयांचा हिशेब उरत नाही. जत्रेत आधी कूपनं विकत घ्यायला लावतात, तसंच हे आहे.

दुसरं उदाहरण ‘स्पिन’चं. चक्र फिरवा, नशिबात असेल तर दुर्मीळ वस्तू मिळेल. समजा ती मिळण्याची शक्यता शंभरात एक आहे. मुलांना वाटतं, शंभर वेळा फिरवलं की मिळणारच. गणित तसं नाही. प्रत्येक वेळी न मिळण्याची शक्यता 99 टक्के. शंभर वेळा फिरवल्यावरही हात रिकामा राहण्याची शक्यता 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे साधारण 37 टक्के. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर वेळा चक्र फिरवलं तर सुमारे 37 जणांना काहीच मिळणार नाही. एका फेरीला 16 रुपये धरले तर त्या प्रत्येकाचे 1,600 रुपये गेले. या मुलाच्या 800 च्या खरेद्या बहुतेक याच चक्रासाठी होत्या. आधी गेलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून तो पुढचे टाकत होता.

त्यात मित्रांची चेष्टा आहेच. फुकटचा साधा पोशाख घालून खेळणाऱ्याला इतर मुलं चिडवतात. आपल्याला हे क्षुल्लक वाटतं. सातवीतल्या मुलाला ते वर्गात फाटके बूट घालून जाण्यासारखं वाटतं. हे समजून घेतलं म्हणून मर्यादा सैल करायची नाही, पण निदान त्याला नीट बोलता तरी येतं.

हे सगळं नकळत होत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत 2014 साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं मुलांनी पालकांच्या संमतीशिवाय केलेल्या अशा खरेद्यांबद्दल अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनाही पैसे परत करायला लावले. अ‍ॅपलनं किमान 3 कोटी 25 लाख डॉलर, गूगलनं किमान 1 कोटी 90 लाख डॉलर परत करायचे ठरले. गूगलच्या प्रकरणातला एक मुद्दा असा होता की पालकानं एकदा पासवर्ड टाकला की पुढची 30 मिनिटं मूल पुन्हा पासवर्ड न टाकता खरेदी करू शकत होतं. त्यानंतर पडताळणीची सोय सुधारली. म्हणजे कुलूप आता उपलब्ध आहे. ते आपल्या घरात लावलं आहे का, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. अनेकांना वाटतं, आता सरकारनंच बंदी घातली, मिटलं. पण त्या कायद्याची बंदी पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळायच्या खेळांवर आहे. गेममधल्या पात्रासाठी पोशाख घेणं म्हणजे पैसे जिंकणं नव्हे. तेव्हा हे दार कायदा आपल्यासाठी बंद करून देईल या भरवशावर राहू नका.

आता त्या घराकडे परत येऊ. बहिणीचा मला फोन आला, ‘भाईजान, पैसे परत मिळतील का?’ आधी आम्ही नेमके किती गेले ते शोधलं. मेसेज पुसले तरी दोन ठिकाणी नोंद राहते. यूपीआय अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी ही एक. दुसरी जागा आपण कधी उघडत नाही, ती म्हणजे फोन ज्या जीमेलवर चालतो तो जीमेल. गूगल प्लेवरच्या प्रत्येक खरेदीची पावती तिथे येते, आणि ऑर्डरचा नंबर `GPA.` या अक्षरांनी सुरू होतो. जीमेलच्या शोधात ही अक्षरं टाकली की सगळ्या पावत्या समोर येतात. त्या घरात 34 पावत्या न उघडता पडून होत्या. तुमच्या घरी शंका असेल तर ओरडण्याआधी हे करून बघा. दोन मिनिटांत कळतं, आणि कधीकधी शंका खोटीही निघते.

मग परतावा. घरातल्या व्यक्तीनं न विचारता खरेदी केली असेल तर गूगल प्लेच्या वेबसाइटवर ऑर्डरच्या यादीतून परतावा मागता येतो. पण वेळ महत्त्वाची आहे. खरेदीला 48 तास झाले नसतील तर मिळण्याची शक्यता बरी असते. त्यानंतर बहुतेक वेळा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवलं जातं, आणि हिरे वापरून झाले असतील तर ती कंपनी सहसा नकार देते. या घरात शेवटचे दोन व्यवहार 48 तासांच्या आतले होते. 1,600 रुपये परत आले. उरलेले 14,720 गेले ते गेलेच.

बहिणीच्या एका काकांनी सल्ला दिला, ‘अनोळखी माणसानं पैसे चोरले असं सांगून तक्रार करा, बँक देईल.’ हे करू नका. पहिली गोष्ट, ते खोटं आहे. दुसरी, ते टिकत नाही. बरोबर पिन टाकून, अम्मीच्याच फोनवरून, घरातल्याच गेम खात्यात गेलेला पैसा आहे तो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकानं सोसायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपली चूक निस्तरायला घर खोटं बोलतं, हे त्या मुलानं पाहिलं असतं.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. कुणी बाहेरच्या माणसानं ‘अर्ध्या किमतीत हिरे देतो’ म्हणून मुलाकडून पैसे घेतले आणि काही दिलं नाही, किंवा ओटीपी मागून खातं रिकामं केलं, तर ती फसवणूकच आहे. तिथे लाजू नका. लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यांत सरकतो.

आता कुलपं. त्या घरात तीन दारं सापडली. तुमच्याकडेही बहुधा हीच असतील.

पहिलं दार यूपीआयचा पिन. हे सगळ्यात मोठं, कारण गेमच्या आतून घ्या नाहीतर बाहेरच्या एखाद्या वेबसाइटवरून, यूपीआयनं पैसे भरताना शेवटी इथूनच जावं लागतं. अम्मीनं पिन बदलला. बदलताना तिनं बहिणीलाही सांगितला नाही. बहिणीला थोडा राग आला, पण अम्मीचं बरोबर होतं. पिन एकाच माणसाचा असतो. मुलगा अजूनही स्कॅन करतो, पण रक्कम अम्मी वाचते आणि पिन अम्मी टाकते. सोबत दोन गोष्टी केल्या. फोनमधला मुलाच्या बोटाचा ठसा काढला, कारण ठशानं खरेदीची पडताळणी होत असेल तर फोनला फक्त ओळखीचं बोट हवं असतं, ते आईचं की मुलाचं हे त्याला कळत नाही. आता काही अ‍ॅपमध्ये पिनऐवजी ठशावरही पैसे जातात, तेव्हा हे विसरून चालणार नाही. दुसरं, यूपीआय लाइट बंद केलं. यूपीआय लाइटमध्ये छोट्या रकमांना पिन लागतच नाही. चहाच्या टपरीवर ते सोयीचं आहे, पण मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर ते उघडं पाकीट आहे.

दुसरं दार गूगलचं खातं. मूल अम्मीच्याच खात्यावर खेळत होतं. गूगल प्लेमध्ये प्रोफाइलच्या चिन्हावर दाबून `Settings` मध्ये गेलं की खरेदीच्या पडताळणीचा पर्याय असतो. फोनप्रमाणे त्याला `Purchase verification` किंवा `Require authentication for purchases` असं नाव दिसेल. तिथे प्रत्येक खरेदीला पडताळणी हवी असा पर्याय निवडा. 30 मिनिटांचा पर्याय निवडू नका. हे प्रत्येक फोनवर वेगळं करावं लागतं. घरात दुसरा जुना फोन त्याच खात्यावर चालू असेल तर तिथेही जाऊन करा. मग `Payment methods` मध्ये साठवलेली कार्डं आणि यूपीआय काढून टाका.

याहून बरं म्हणजे मुलाला त्याचं स्वतःचं खातं फॅमिली लिंकमधून काढून देणं. त्यात खरेदीच्या मंजुरीसाठी `All content` निवडलं की प्रत्येक वेळी पालकाची परवानगी लागते. पण याचीही हद्द आहे. ही मंजुरी फक्त गूगल प्लेच्या बिलातून होणाऱ्या खरेदीला लागते. बाहेरच्या वेबसाइटवर पैसे भरले तर फॅमिली लिंकला पत्ताही लागत नाही. म्हणून पिनचं कुलूप आधी लावायचं, हे नंतर.

आणि एक फसवी गोष्ट. गूगल प्लेमध्ये महिन्याचं बजेट ठरवायची सोय आहे. बहिणीनं ते 200 रुपये ठेवलं आणि निर्धास्त झाली. ते बजेट खरेदी थांबवत नाही. रक्कम जवळ आली की फक्त सूचना देतं. सूचना कुणाच्या फोनवर येणार? ज्या फोनवर मुलगा खेळतोय, त्याच फोनवर.

तिसरं दार तंत्राचं नाही, माणसांचं आहे. गल्लीतला रिचार्जवाला रोख पैसे घेऊन कोड देतो. मोठा चुलत भाऊ स्वतःच्या फोनवरून हिरे टाकून देतो. ईदीचे पैसे तर याच वाटेनं जातात. मुलगा दोन-तीन नोटा भावाच्या हातात ठेवतो, काम झालं. याला कुठल्याही अ‍ॅपमध्ये कुलूप नाही. अम्मी स्वतः रिचार्जच्या दुकानात गेली आणि सांगितलं, ‘माझ्या मुलाला कोड द्यायचा नाही.’ दुकानदारानं ऐकलं, कारण ती तिथली रोजची गिऱ्हाईक होती. चुलत भावाशी बहीण बोलली. आणि तुम्ही सगळे इथे चुलत भाऊ आहात, मावस बहिणी आहात. लाडानं हिरे टाकून देणारे बऱ्याचदा आपणच असतो, हे लक्षात ठेवा.

इथपर्यंत झाली कुलपं. पण नुसत्या कुलपांनी मर्यादा होत नाही. मूल ती कुलपं उघडायच्या युक्त्या शोधत बसेल, आणि आपल्यापेक्षा त्याच्याकडे वेळ जास्त आहे. मर्यादा म्हणजे घरात सगळ्यांना माहीत असलेला, बोलून ठरलेला एक आकडा. त्या घरात तो असा ठरला. पहिले सहा महिने गेममध्ये एक रुपयाही नाही. त्यानंतर महिन्याला 100 रुपये, तेही त्याच्याच खाऊच्या पैशातून, अम्मीच्या समोर बसून. न वापरलेले पुढच्या महिन्यात येतील, पुढच्या महिन्याचे आधी मिळणार नाहीत. ईदी आली की निम्मी त्याच्या बँक खात्यात, निम्मी त्याची, पण गेमचा महिन्याचा आकडा ईदीमुळे वाढणार नाही. रोज एक तास खेळायचं, मोबाईल काढून घ्यायचा नाही. आणि गेलेल्या 14,720 चं काय? ते मूल फेडू शकत नाही. पण काहीच झालं नाही असंही करता येत नाही. त्याचा खाऊ महिन्याला 200 रुपये होता. सहा महिने त्यातले 100 परत अम्मीकडे. एकूण 600. रकमेनं काही भरपाई होत नाही. दर एक तारखेला स्वतःच्या हातानं शंभराची नोट परत देताना त्याला रुपया पुन्हा रुपया म्हणून दिसतो, एवढाच हेतू.

हे अब्बूंनी, अम्मीनं आणि मुलानं व्हिडिओ कॉलवर बसून ठरवलं आणि वहीत लिहिलं. बहिणीला मी एकच सांगितलं होतं, आकडा तू ठरवू नकोस. तू कुलपं लावून दे, पण ‘नाही’ अम्मीच्या तोंडून येऊ दे. मोठ्या बहिणीनं घातलेली मर्यादा ती पुण्याला गेली की संपते.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात आली. गेममध्ये नवा पोशाख आला, ‘फक्त 3 दिवस’ आणि खाली उलटं चालणारं घड्याळ. मुलगा आधी लाडात आला, मग रडला, मग जेवला नाही. दादी म्हणाली, ‘अगं, शंभर-दोनशेनं काय होतंय, लेकरू उपाशी आहे.’ अब्बू कुवेतहून म्हणाले, ‘दे गं, मी वेगळे पाठवतो.’ बाप परक्या मुलखात असतो, मुलाचं रडणं फोनवर ऐकतो, त्याचा जीव तुटतो. मी त्यांना दोष देत नाही. पण मर्यादा मोडते ती इथेच. दोन तास रडल्यावर हो मिळालं, तर मुलानं काय शिकायचं? रडायला दोन तास लागतात, एवढंच. पुढच्या वेळी तो तयारीनं रडेल. सुरुवातीपासून हो म्हटलेलं याहून परवडतं.

अम्मीनं काय केलं? भाषण दिलं नाही, जुनं उगाळलं नाही. एकच वाक्य म्हणाली आणि प्रत्येक वेळी तेच म्हणाली, ‘वहीत लिहिलंय बेटा, त्यापुढे नाही.’ जेवण झाकून ठेवलं. अब्बूंना वेगळा फोन करून सांगितलं, ‘तुम्हाला आकडा बदलायचा असेल तर आपण दोघं बोलू, पण त्याच्यासमोर नाही आणि घड्याळ चालू असताना नाही.’ रात्री दहाला मुलगा उठून जेवला. तीन दिवसांनी घड्याळ संपलं. आठवड्याभरात दुसरा पोशाख आला, दुसरं घड्याळ आलं. तेव्हा तो स्वतःच अम्मीला म्हणाला, ‘हे दर आठवड्याला येतं.’ हे त्याला कुणी समजावून पटलं नसतं. न घेता तीन दिवस काढल्यावरच ते दिसलं.

खंबीर राहणं आणि संतापणं यांतला फरक मला इथे सांगायचाय. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईची एक बातमी आली होती. 16 वर्षांच्या मुलानं आईच्या खात्यातून मोबाईल गेमवर सुमारे 10 लाख रुपये घालवले. आई-वडील रागावले आणि तो चिठ्ठी लिहून घर सोडून गेला. पोलिसांनी शोधून परत आणला. तो सापडला हे नशीब. पैसे गेल्याचं कळतं तो क्षण मुलासाठीही भीतीचा असतो. त्यानं आठवडे ते लपवलेलं असतं. त्या दिवशी मारहाण, चारचौघांत अपमान, फोन भिंतीवर आपटणं, यांतलं काही झालं तर पुढची चूक तो याहून खोल लपवेल. तेव्हा घरात राग अनावर असेल तर तुम्ही मध्ये उभे राहा. त्या रात्री फक्त पिन बदला आणि परताव्याचा अर्ज करा, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. बोलणं दुसऱ्या दिवशी. मूल एकदम गप्प झालं, जगण्याबद्दल निराशेचं बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे पैशाचा विषय बाजूला ठेवायचा.

शेवटी तुमचं काम सांगतो. घरी गेलात की अम्मीच्या शेजारी बसा, तिचा फोन तुमच्या हातात घेऊ नका, तिच्याच हातात राहू द्या. बॅलन्स कसा बघायचा ते तिला तिच्या बोटानं करायला लावा. व्यवहारांची यादी कुठे असते, ऑटोपेच्या यादीत कुठली वर्गणी चालू आहे का, ते तिला उघडू द्या. मग तिलाच पिन बदलायला सांगा आणि तुम्ही तोंड फिरवून बसा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, ती वैतागेल, ‘तूच कर ना’ म्हणेल. करू नका. त्या कोकणातल्या घरात आता दर शुक्रवारी दुपारी अम्मी चष्मा लावून स्वतः यादी बघते. परवा तिनं बहिणीला फोन करून विचारलं, ‘हे 149 रुपये कसले गेले?’ ते बहिणीनंच अम्मीच्या फोनवर लावलेलं गाण्यांच्या अ‍ॅपचं ऑटोपे होतं. वर्षभर जात होते. अम्मीनं ते बंद करायला लावलं.